लॉजिस्टिक वाढ आणि धारणक्षमता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकसंख्या आधी झपाट्याने वाढते, मग मंदावते आणि शेवटी एका आकड्यापाशी स्थिरावते. हा S च्या आकाराचा आलेख बहुतेकांनी पाहिलेला असतो. बारावीच्या जीवशास्त्रात तो ‘व्हर्हुल्स्ट-पर्ल’ या नावाने येतो आणि पदवीच्या गणितात डिफरन्शियल इक्वेशनच्या धड्यात. दोन्हीकडून येणारे विद्यार्थी मला दरवर्षी साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरे एकदा नीट लिहून काढली आहेत. जवळजवळ सगळी उत्तरे एकाच उदाहरणावर बेतली आहेत: एका भांड्यात वाढणारे यीस्ट.

सूत्र नेमके काय आहे?

```
dP/dt = r P (1 − P/K)

P(t) = K / (1 + A e^(−rt)),   A = (K − P0) / P0
```

P म्हणजे त्या क्षणाची लोकसंख्या आणि P0 म्हणजे सुरुवातीची. कसलीच अडचण नसती तर ज्या दराने वाढ झाली असती तो दर म्हणजे r. K ही धारणक्षमता, म्हणजे ती जागा, तिथले अन्न आणि तिथली परिस्थिती जेवढ्यांना कायम पोसू शकते तो आकडा. जीवशास्त्राच्या पुस्तकात P च्या जागी N असतो, पण गोष्ट तीच.

कंसातला (1 − P/K) हा भाग शिल्लक जागेचा वाटा सांगतो. लोकसंख्या अगदी थोडी असताना तो जवळजवळ १ असतो, त्यामुळे वाढ चक्रवाढ व्याजासारखी होते. P वाढत K च्या जवळ गेली की तो शून्याकडे जातो आणि वाढीचा जोर ओसरतो.

यीस्टचे आकडे कुठले?

टॉर कार्लसन यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातले. पुढे अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी त्यांना लॉजिस्टिक वक्र बसवला आणि तेव्हापासून हे आकडे वर्गावर्गांतून शिकवले जातात. दर तासाला भांड्यातल्या यीस्टचे प्रमाण मोजले होते. एका आड एक तासाच्या नोंदी अशा:

| तास | यीस्टचे प्रमाण |
|---|---|
| ० | ९.६ |
| २ | २९.० |
| ४ | ७१.१ |
| ६ | १७४.६ |
| ८ | ३५०.७ |
| १० | ५१३.३ |
| १२ | ५९४.८ |
| १४ | ६४०.८ |
| १६ | ६५५.९ |
| १८ | ६६१.८ |

पर्ल यांच्या मांडणीत K = ६६५ येतो, तोच आपण घेऊ. मग A = (६६५ − ९.६) / ९.६ = ६८.२७. शून्याव्या आणि आठव्या तासाच्या नोंदी सूत्रात घातल्या की r सुमारे ०.५४ प्रति तास मिळतो. म्हणजे आपले सूत्र झाले:

```
P(t) = 665 / (1 + 68.27 e^(−0.54t))
```

r काढताना आठव्या तासापुढचे काहीही वापरलेले नाही. तरी चौदाव्या तासाला सूत्र ६४२.२ सांगते, मोजलेले आहे ६४०.८. अठराव्या तासाला सूत्र ६६२.३ सांगते, मोजलेले ६६१.८. मधे कुठे थोडा फरक पडतो (चौथ्या तासाला सूत्र ७५ सांगते, मोजलेले ७१.१), पण एवढ्या साध्या सूत्राने जिवंत पेशींच्या वाढीशी इतके जुळावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

t अनंताकडे गेल्यावर P(t) ची सीमा K का येते?

सूत्रात t फक्त एकाच जागी आहे, e^(−rt) मध्ये. r धन असेल तर t वाढेल तसा e^(−rt) शून्याकडे जातो. A ही ठरावीक संख्या आहे, म्हणून A e^(−rt) सुद्धा शून्याकडे जातो. छेद १ कडे जातो आणि अपूर्णांक K कडे. सिद्धता एवढीच.

यातून एक गोष्ट लक्षात येते, तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. सीमेत ना P0 आहे, ना r. सुरुवात ९.६ ने करा किंवा १०० ने, शेवट ६६५ पाशीच. P0 आणि r फक्त तिथे पोचायला किती वेळ लागेल ते ठरवतात.

आमच्या पुस्तकात सूत्र वेगळ्या रूपात आहे आणि सीमा घेताना ∞/∞ येते. चूक कुठे होते?

चूक होत नाही. ते रूप असे असते:

```
P(t) = K P0 e^(rt) / (K + P0 (e^(rt) − 1))
```

अंश आणि छेद दोघांनाही P0 e^(rt) ने भागा, वरचेच रूप परत मिळेल. लोपितालचा नियम लावला तरी उत्तर K च येते, पण त्याची गरज नाही.

संगणकावर मात्र हे दुसरे रूप टाळा. e^(rt) फार लवकर प्रचंड होतो. पायथनमध्ये `math.exp(710)` लिहिले की `OverflowError` येतो आणि एक्सेलमध्ये `=EXP(710)` ला `#NUM!` दिसते. पहिल्या रूपात घातांक ऋण असल्यामुळे मोठ्या t ला तो नुसता शून्य होतो आणि उत्तर बिनतक्रार K येते.

मग लोकसंख्या K ला नेमकी कधी पोचते?

सूत्राप्रमाणे कधीच नाही. e^(−rt) कितीही लहान झाला तरी शून्य होत नाही, म्हणून छेद नेहमी १ पेक्षा किंचित मोठा राहतो आणि P नेहमी K पेक्षा किंचित कमी.

एका मुलीने वहीत लिहिले होते, ‘६० तासांनी P = K’. तिच्या कॅल्क्युलेटरवर खरोखरच ६६५ दिसत होते. चाळीसाव्या तासाला त्याच कॅल्क्युलेटरवर ६६४.९९९९८११ दिसले असते. साठाव्या तासाला उरलेले अंतर पडद्यावर मावत नव्हते, एवढेच. मी तिला ६६५ उजवीकडे नेऊन वजाबाकी आधी कागदावर करायला सांगितली. K − P = K A e^(−rt) / (1 + A e^(−rt)) असे लिहिल्यावर अंतर शून्य होऊ शकत नाही हे तिचे तिलाच दिसले.

‘कधी पोचते’ ऐवजी ‘कधी पुरेशी जवळ जाते’ असे विचारले की उत्तर चोख मिळते. K च्या ९० टक्के व्हायला ११.९ तास लागतात. ९९ टक्क्यांना १६.३ तास आणि ९९.९ टक्क्यांना २०.६ तास. म्हणजे पुढचा प्रत्येक ९ मिळवायला साधारण सव्वाचार तास मोजावे लागतात, आणि हे असेच कायम चालू राहते. शंभर टक्के म्हणजे अनंत ९, म्हणून अनंत वेळ.

शेवटी शेवटी ती K कडे कशी सरकते?

उरलेले अंतर दर तासाला ठरावीक पटीने घटते. K जवळ आल्यावर K − P जवळजवळ K A e^(−rt) इतके असते, म्हणून ते दर तासाला e^(−0.54) = ०.५८ पट होते.

हे मोजमापात दिसते का ते पाहू. कार्लसन यांच्या नोंदी चौदाव्या तासापासून ६४०.८, ६५१.१, ६५५.९, ६५९.६, ६६१.८ अशा आहेत. ६६५ मधून वजा केल्यावर उरते २४.२, १३.९, ९.१, ५.४, ३.२. लागोपाठची गुणोत्तरे ०.५७, ०.६५, ०.५९, ०.५९. मधले एक जरा हटून आहे, बाकी तीन ०.५८ च्या आसपासच आहेत.

तुमच्या स्वतःच्या आकड्यांवर लॉजिस्टिक खरेच लागू आहे का, हे ओळखायची ही चांगली खूण आहे. नुसता S सारखा आकार पाहून भुलू नका. शेपटीकडची अंतरे ठरावीक पटीने घटतात का ते बघा.

वाढीचा वेग सर्वांत जास्त कधी असतो?

P बरोबर K/2 असताना. आपल्या उदाहरणात ३३२.५ ला, म्हणजे ७.८ व्या तासाला, आणि तो वेग rK/4, म्हणजे तासाला सुमारे ९०. प्रत्यक्ष नोंदींत सातव्या ते आठव्या तासात ९३.४ ची भर पडली, तीच सर्वांत मोठी. या बिंदूला मी पुढे ‘वळण’ म्हणेन. ते का महत्त्वाचे, हे खालच्या प्रश्नांत येईल.

सुरुवातच K च्या वर असेल तर?

A ऋण येतो आणि P वरून खाली उतरत K कडे जाते. सीमा तीच. P0 शून्य असेल तर मात्र P कायम शून्यच राहते. शून्य हाही समतोल आहे, पण अस्थिर. एक पेशी पडली की ती वाढून K च्या वाटेला लागते.

K आधी माहीत नसतो. तो आणायचा कुठून?

माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

सूत्र उलटे करून लिहा: 1/P = 1/K + (A/K) e^(−rt). म्हणजे 1/P मधून 1/K वजा केल्यावर जे उरते ते समान कालांतराने समान पटीने घटते. सारख्या अंतरावरच्या तीन नोंदी घ्या: a, b, c. मधल्या नोंदीच्या उरलेल्याचा वर्ग हा कडेच्या दोन नोंदींच्या उरलेल्यांच्या गुणाकाराइतका असला पाहिजे. हे समीकरण सोडवले की मिळते:

```
K = (b²(a + c) − 2abc) / (b² − ac)
```

शून्यावा, आठवा आणि सोळावा तास घेऊ: a = ९.६, b = ३५०.७, c = ६५५.९. b² = १,२२,९९०. अंश ७,७४,३३,७०८ येतो आणि छेद १,१६,६९४. भागाकार ६६३.६. फक्त तीन नोंदींतून धारणक्षमता हाती आली आणि ती ६६५ च्या अगदी लगत आहे.

मग पहिल्या काही तासांवरूनच K का काढू नये?

काढून पाहा. तास ०, ३, ६ च्या नोंदी ९.६, ४७.२, १७४.६ घातल्या तर K = ४५७ येतो. तास ०, २, ४ घेतले तर १७८. तास २, ४, ६ घेतले तर उणे ३७ हजारांच्या पलीकडचा आकडा येतो! भांडे तेच, यीस्ट तेच, सूत्र तेच.

असे का होते ते वरच्या उलट्या रूपात दिसते. सुरुवातीला 1/P म्हणजे १/९.६, सुमारे ०.१०४. आपल्याला शोधायचा आहे 1/K, म्हणजे ०.००१५. मोजणीत झालेली लहानशी चूकही या ०.००१५ ला गिळून टाकते. उणे उत्तराचे कारण तर आणखी साधे आहे. २९.० पासून ७१.१ होताना वाढ २.४५२ पट, ७१.१ पासून १७४.६ होताना २.४५६ पट. मोजणीतल्या किंचित चढउतारामुळे दुसरी पट पहिलीपेक्षा केसभर मोठी निघाली. सूत्राला वाटले की वाढ मंदावतच नाही, मग मर्यादा सापडणार कुठून?

वळणाच्या आधीच्या नोंदींत K ची माहिती जवळजवळ नसतेच. वळण ओलांडलेल्या नोंदी घ्या, मग तास ४, ८, १२ वरूनही ६४७ मिळतो. म्हणून कुणी धारणक्षमतेचा आकडा सांगितला की मी आधी विचारतो, शेवटची नोंद वळणाच्या पुढची आहे का?

ही चूक मोठ्या माणसांनी कधी केली आहे का?

हे सूत्र मांडणाऱ्यांनीच केली आहे. बेल्जियमचे पियेर-फ्रान्स्वा व्हर्हुल्स्ट यांनी १८३८ साली हे समीकरण मांडले आणि १८४५ साली त्याच्या वक्राला ‘लॉजिस्टिक’ हे नाव दिले. त्यांनी आपल्याच देशाच्या १८१५, १८३० आणि १८४५ च्या लोकसंख्या घेतल्या: ३६.२७ लाख, ४२.४७ लाख आणि ४८.०१ लाख. वरच्या सूत्रात घालून तुम्हीही करू शकता, उत्तर सुमारे ६६ लाख येते. दोनच वर्षांनी गृहीतके बदलून त्यांनी ९४ लाख हा आकडा काढला. आज बेल्जियमची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर आहे.

दुसरे उदाहरण पर्ल आणि त्यांचे सहकारी लोवेल रीड यांचे. १९२० साली त्यांनी अमेरिकेच्या १७९०, १८५० आणि १९१० च्या जनगणना घेतल्या: ३९.२९ लाख, २.३१९ कोटी आणि ९.१९७ कोटी. धारणक्षमता निघाली १९.७३ कोटी आणि वळण १९१४ च्या सुमारास. तिन्ही नोंदी वळणाच्या अलीकडच्या होत्या.

पुढे जे घडले ते मला फार शिकवणारे वाटते. त्यांच्या सूत्राने १९४० साठी १३.६ कोटी येतात, प्रत्यक्षात १३.२ कोटी होते. १९५० साठी १४.९ कोटी येतात आणि जनगणनेत १५.१ कोटी निघाले. तीस वर्षे आधी सांगितलेला आकडा असा जुळल्यावर कुणाचाही विश्वास बसेल. पण १९६० साठी सूत्र १५.९ कोटी म्हणते आणि प्रत्यक्षात होते १७.९ कोटी. १९७० मध्ये लोकसंख्या २०.३ कोटी होती, म्हणजे जी मर्यादा अनंत काळातही ओलांडायची नव्हती ती ओलांडून झाली होती. १९२४ नंतर स्थलांतरावर आलेले निर्बंध आणि १९३०च्या दशकातली मंदी यांनी वाढ दाबून धरली होती, ती दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मदर वाढल्यावर उसळली. १९५० ला आकडा जुळला तो मर्यादा खरी होती म्हणून नव्हे.

यीस्टच्या भांड्यात साखर ठरलेली होती आणि भिंती पक्क्या होत्या. देशाचे तसे नसते. शेती बदलते, औषधे येतात, माणसे येतात-जातात, आणि त्याबरोबर K सुद्धा सरकतो. सूत्रातली सीमा K स्थिर आहे या अटीवरच खरी आहे.

एक्सेलमध्ये आकडे स्थिरावतच नाहीत, वरखाली उड्या मारतात. का?

तुम्ही बहुधा डिफरन्शियल इक्वेशनच्या जागी पायरीपायरीने बेरीज करत आहात आणि पायरी फार मोठी घेतली आहे:

```
P = P + h * 0.54 * P * (1 - P/665)
```

h = 1 तास घेतला तर आकडे शांतपणे ६६५ ला जातात. h = 4 घेतला तर h·r = २.१६ होतो, आणि हा गुणाकार २ च्या वर गेला की K वर स्थिरावणे संपते. काही पायऱ्यांनंतर सुमारे ५१५ आणि ७६६ हे दोनच आकडे आलटून पालटून येत राहतील. गुणाकार २.५७ च्या पुढे गेला की बहुतेक वेळा कसलाच क्रम दिसत नाही. हा दोष पायरीचा आहे, यीस्टचा नाही. पण वर्षातून एकदाच पिल्ले घालणाऱ्या किड्यांसारख्या जिवांसाठी पायरीचे समीकरणच वास्तवाच्या जवळचे असते, आणि तिथे असे झोके खरे असू शकतात.

K ओलांडून मग लोकसंख्या कोसळते, ते या सूत्रात बसते का?

नाही. K च्या खालून निघालेला वक्र K ओलांडूच शकत नाही. कारण सूत्रात गर्दीचा परिणाम त्याच क्षणी वाढीवर होतो. प्रत्यक्षात तो उशिरा होतो. अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ साली २९ रेनडिअर सोडले होते. १९६३ पर्यंत ते सुमारे ६,००० झाले आणि १९६६ मध्ये ४२ उरले. हिवाळ्यातले त्यांचे खाणे म्हणजे दगडफूल. ते अतिशय हळू वाढते, आणि वर्षानुवर्षांचा साठा संपेपर्यंत कळपाला चणचण जाणवलीच नाही. त्यात कडक हिवाळा आला.

अठराव्या तासानंतर यीस्टचे काय होते?

नोंदी तिथेच थांबतात. पण बंद भांड्यात यीस्ट तसेच ठेवले तर ते ६६५ वर कायम राहत नाही. साखर संपत जाते, अल्कोहोल साचते, नव्या पेशी उगवणे थांबते आणि काही दिवसांत जिवंत पेशींची संख्या उतरू लागते. ‘t अनंताकडे’ याचा इथे अर्थ एवढाच घ्यायचा की काळ १/r च्या, म्हणजे सुमारे दोन तासांच्या, मानाने मोठा आहे. वीस तास त्यासाठी पुरतात. वीस दिवसांनंतर भांड्यात काय असेल हे या सूत्राला विचारू नका, कारण साखर संपते ही गोष्ट त्यात कुठेच लिहिलेली नाही.